आईला पोटाचं कसं लिहू?

डॉक्टर मॅडम, मी औसा तालुक्यातली, वय १८. ऑगस्टच्या १८ तारखेला पुण्यात हॉस्टेलवर आले. सहा आठवडे झाले, भूकच लागत नाही. अर्धी पोळी खाल्ली की पोट गच्च होतं, संध्याकाळी फुगतं, डावीकडे खाली कळ येते. वजन ४७ होतं, आता ४५ आहे. मेसचं तेल बाधत असेल असं वाटतं. मेडिकलमधून गॅसची गोळी आणून तीन आठवडे खाल्ली, फरक नाही. आमच्या मजल्यावर ४० मुलींना ५ संडास, सकाळी रांग असते म्हणून मी टाळते. कॉलेजात लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीही कमी पिते. आई रोज फोनवर विचारते, ‘जेवलीस का?’ मी हो म्हणते. रविवारी मामा येणार आहे, त्याच्या हाती आईला चिठ्ठी द्यायचीये. तीनदा लिहून फाडली. खरं लिहिलं तर ती म्हणेल, परत ये. काय लिहू?

उत्तर

चिठ्ठीकडे येतेच, पण आधी पोटाकडे बघू. आपल्याला नेमकं काय होतंय हे तुलाच उमगलेलं नाही, म्हणून चिठ्ठी तीनदा फाटली असावी. ‘जेवण जात नाही’ एवढंच लिहिलं तर वाचणारीच्या डोळ्यांपुढे नाही नाही ते येणार, आणि लिहितानाही हात थांबणार.

तू तेलाला दोष दिलास. मला तुझ्या पत्रातली रांग जास्त बोलकी वाटली. भुकेच्या तक्रारीत संडासचा उल्लेख तू जाता जाता केलास, पण माझ्या मते सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते. माझा दवाखाना हॉस्टेलांच्या वस्तीत आहे. जुलैपासून दिवाळीपर्यंत नव्याने आलेली मुलं-मुली अशीच तक्रार घेऊन येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं पोट वरून नाही, खालून अडलेलं असतं.

ते कसं होतं ते सांगते. आपण सकाळी उठतो, काहीतरी गरम पितो, दोन घास खातो, की जठर ताणलं जातं आणि त्याचा निरोप मोठ्या आतड्याला जातो. आतडं जोराने आकुंचन पावतं आणि मळ खाली गुदाशयात येतो. गुदाशयाच्या भिंती ताणल्या की आपल्याला संडासची कळ लागते. दिवसभरातली ही सगळ्यात जोरदार वेळ असते, आणि नेमकी त्याच वेळी तुझ्या मजल्यावर रांग असते. तू कळ दाबतेस. दहा-पंधरा मिनिटांत ती विरते, आणि तुला वाटतं, गेली, आता दुपारी बघू. पण मळ आतच असतो. मोठ्या आतड्याचं मुख्य काम पाणी शोषून घेणं, ते काम चालूच राहतं. तू पाणीही कमी पितेस, त्यामुळे आतडं आहे त्यातलं पाणी आणखी ओढून घेतं. संध्याकाळपर्यंत मळ कोरडा, दुसऱ्या दिवशी घट्ट, तिसऱ्या दिवशी खडे. असं रोज झालं की गुदाशयाला ताणलेलं राहायची सवय होते आणि कळच कमी लागू लागते. म्हणून दुपारी मोकळ्या संडासात जाऊन बसलीस तरी काही होत नाही.

आता भुकेचं. खालचं आतडं भरलेलं असलं की वरचं जठरही सावकाश रिकामं होतं. शरीराने जणू पुढचा रस्ता मोकळा होईपर्यंत मागची गाडी थांबवून धरलेली असते. म्हणून अर्ध्या पोळीत पोट गच्च होतं. साचलेल्या मळावर जंतू काम करत राहतात, वायू होतो आणि संध्याकाळपर्यंत पोट फुगतं. मोठ्या आतड्याचा शेवटचा वळसा ओटीपोटात डावीकडे असतो, तुझं दुखणंही तिथेच आहे. तेलाने असं एका जागी दुखत नाही. गॅसची गोळी म्हणून मिळते ती बहुतेक वेळा जठरातलं आम्ल कमी करणारी असते. छातीत जळजळ, घशाशी आंबट येणं यावर ती चालते. तुझं दुखणं आम्लाचं दिसत नाही, मग तिचा उपयोग कसा होणार? ती बंद कर.

एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून. गेल्या वर्षी विदर्भातून आलेला १९ वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. महिनाभर भूक नाही, पोट फुगलेलं, तीन किलो वजन उतरलेलं. सोनोग्राफी आधीच झालेली, त्यात काही नाही. आम्लाच्या गोळ्या, पाचक चूर्ण, लिंबूसोडा सगळं करून झालेलं. मी विचारलं, पोट साफ होतं का? ‘हो, रोज जातो.’ मग त्याला झोपवून पोट तपासलं. डावीकडे खाली बोटांखाली दोरखंडासारखं घट्ट काहीतरी लागलं, जरा दाबलं की त्याला दुखलं. मी पुन्हा विचारलं, ‘रोज जातोस ते ठीक, पण होतं काय?’ बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, ‘दोन-तीन खडे. कधी कधी नुसतं पाणी.’ ते पाणी बघून त्याने दोनदा जुलाब थांबवायची गोळी घेतली होती. खरं तर घट्ट मळ आत अडकलेला होता आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत होता. त्याला जुलाब समजून गोळी घेतली आणि कोंडी आणखी आवळली.

त्याला मी मळात पाणी धरून ठेवणारी पावडर दिली, पॉलिइथिलीन ग्लायकॉल म्हणतात ती. साधारण १७ ग्रॅमची एक पुडी ग्लासभर पाण्यात, पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ, नंतर एकदाच. हे औषध मुरड घालून ढकलत नाही, मळ भिजवतं, म्हणून परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात. त्याचं पोट तिसऱ्या दिवशी सकाळी दोनदा साफ झालं. चौथ्या दिवशी दुपारी तो मेसमध्ये दुसऱ्यांदा भात घ्यायला उठला, हे त्याने मला अगदी मुद्दाम येऊन सांगितलं. दहाव्या दिवसापासून सकाळी भूक लागू लागली. बरं वाटतंय म्हणून त्याने दोन आठवड्यांनी औषध सोडलं, आणि पुढच्याच आठवड्यात पोट पुन्हा तिथेच. ताणलेल्या गुदाशयाला आपली जाणीव परत मिळवायला आठवडे लागतात. पोट एकदा साफ झालं म्हणजे काम झालं, असं होत नाही. दुसऱ्या खेपेला आम्ही दोन महिने चालवून मग हळूहळू कमी केलं, आणि तेव्हा ते टिकलं.

तुझंही असंच असेल, हे मी पोट न तपासता ठामपणे म्हणणार नाही. पण तूच थोडी खात्री करून घेऊ शकतेस. आजपासून सात दिवस वहीच्या मागच्या पानावर रोज चार गोष्टी लिही: कधी आणि किती खाल्लं, पोट कधी दुखलं वा फुगलं, लघवीचा रंग कसा होता, आणि मळ कसा होता. मळाचं वर्णन करायला लाज वाटते म्हणून डॉक्टरांनी त्याला आकडे दिलेत. इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात हा सात पायऱ्यांचा तक्ता तयार झाला. शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे म्हणजे १. खडे एकमेकांना चिकटून झालेली गाठीगाठींची वळकटी म्हणजे २. वरून भेगा असलेली वळकटी ३, केळ्यासारखी मऊ सलग ४. मऊ सुटे तुकडे ५, चिखलासारखं ६, नुसतं पाणी ७. निरोगी पोटाचा मळ ३ किंवा ४ असतो. तू फक्त आकडा लिही. तुझ्या पानावर १ आणि २ आले, किंवा मध्ये दोन-दोन दिवस कोरे गेले, तर माझा अंदाज बराच पक्का झाला. १ च्या मधूनच ७ आला तर त्या मुलाची गोष्ट आठव आणि जुलाबाची गोळी घेऊ नकोस.

आता रांगेचं. तुझ्या हॉस्टेलमध्ये सहाव्या संडासची सोय लगेच होणार नाही, पण तू वेळ हलवू शकतेस. रांग किती ते किती असते हे दोन दिवस नीट बघ. बहुतेक मजल्यांवर पावणेसातच्या आत आणि साडेनऊनंतर जागा मोकळी असते. कॉलेज दहाला असेल तर साडेसहाला उठ, थर्मासात रात्रीच भरून ठेवलेलं गरम पाणी किंवा खालून आणलेला चहा घे, सोबत दोन बिस्किटं नाहीतर एक केळं खा. मग १५-२० मिनिटांनी जा, कळ असो वा नसो. पोटात काही न घालता गेलीस तर आतड्याला निरोपच मिळत नाही. पाच-सात मिनिटं बस, फार तर दहा. फोन बाहेर ठेव. कुंथू नकोस. नाही झालं तर उठून ये, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा जा. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर बैठक आपोआप बरोबर असते. कमोड असेल तर पायाखाली बादली उलटी ठेव म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतील. त्याने गुदाशयाचा वाकलेला मार्ग सरळ होतो, हे दिसायला साधं असलं तरी खूप फरक पाडतं. आणि दिवसात केव्हाही कळ लागली, अगदी तास चालू असताना, तर उठ. ती कळ आता तुझ्यासाठी मोलाची आहे.

पाणी किती, ते ग्लासांत मोजू नकोस. लघवी फिकट पिवळी राहील इतकं पी. कॉलेजचं स्वच्छतागृह वापरायचं नाही म्हणून पाणी तोडणाऱ्या मुली मी दर वर्षी बघते, आणि त्यांना पोटाबरोबर लघवीच्या जळजळीचाही त्रास सुरू होतो. कॉलेजात ग्रंथालयाच्या किंवा विभागाच्या मजल्यावरचं स्वच्छतागृह सहसा बरं असतं, ते एकदा शोधून ठेव.

खाण्यात मेस बदलायची गरज नाही, तू भर घाल. घरी ज्वारीची भाकरी, मेथी-शेपू, मटकीची उसळ, ठेचा असं पोटात जायचं. मेसमध्ये पातळ पोळी, बटाटा, भात आणि वरण. म्हणजे मळाला आकार देणारा चोथा गेला. खोलीत चूल नसताना जमेल असं सांगते. दिवसाला एक मध्यम पेरू खा, बियांसकट. १०० ग्रॅम पेरूत पाचेक ग्रॅम चोथा असतो, फळांमध्ये तो चांगलाच मानायचा. रात्री वाटीत आठ-दहा काळे मनुके भिजत घाल आणि सकाळी पाण्यासकट खा. संध्याकाळी मूठभर फुटाणे. एकदम सगळं सुरू केलंस तर पोट आणखी फुगेल, दर तीन दिवसांनी एकेक वाढव. इसबगोलाबद्दल विचारशील. चांगलं आहे, पण आत खडे अडकलेले असताना ते वरून घातलं तर पोट जास्त गच्च होतं. आधी पोट मोकळं होऊ दे, मग एक चमचा मोठ्या ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच पी आणि वर आणखी एक ग्लास पाणी. पाणी कमी पडलं तर इसबगोलच आत फुगून बसतो. सोनामुखीची चूर्णं रोज घेऊ नकोस, त्यांनी मुरडा येतो.

सहा आठवडे झालेत आणि वजन उतरलंय, म्हणून मी तुला नुसतं पेरू खा म्हणून सोडणार नाही. या आठवड्यात एकदा डॉक्टरांना दाखव. तुझ्या विद्यापीठाचा किंवा कॉलेजचा दवाखाना असेल तर तिथे, नाहीतर जवळच्या फॅमिली डॉक्टरांना. त्यांना वहीचं पान दाखव आणि पोट हाताने तपासायला सांग. रक्ताची साधी तपासणी, लघवी, थायरॉइड एवढं पुरेसं असतं. थायरॉइड मंद असलं तरी पोट अडतं, म्हणून. तुला कॉलेजातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या असतील तर तेही सांग. त्यांनी मळ घट्ट होतो आणि काळाही दिसतो. पाळीच्या दिवसांत उपाशीपोटी दुखण्याची गोळी घेत असशील तर तेही सांग, आणि पाळी चुकली असेल तर तेही. डॉक्टर हे विचारतात ते चारित्र्य तपासायला नाही, भूक मरण्याची ती सगळी कारणं आहेत.

काही चिन्हं अशी आहेत की माझा मलावरोधाचा अंदाज तिथे लागू होत नाही आणि वाट बघायची नसते. जेवण समोर आलं की मळमळतं, ताप येऊन गेला, लघवी गडद चहासारखी होतेय, डोळे पिवळे दिसतायत, तर ती कावीळ असू शकते. दूषित पाण्यातून होणारी कावीळ पाणी पोटात गेल्यावर दोन ते सहा-सात आठवड्यांनी उमटते, म्हणजे ऑगस्टमध्ये हॉस्टेलवर आलेल्या मुलीला ती आत्ता होऊ शकते. तुझ्या मजल्यावर आणखी कुणाला झाली असेल तर लगेच रक्त तपास, आणि रेक्टर मॅडमना पाण्याच्या टाकीबद्दल सांग. सडक्या अंड्यासारखे ढेकर, तेलकट, दुर्गंधी, पाण्यावर तरंगणारा मळ आठवडेच्या आठवडे चालू असेल तर जिआर्डिया नावाचा परजीवी असू शकतो, तोही पाण्यातूनच येतो. त्यासाठी मळाची तपासणी एकदा नाही, वेगवेगळ्या दिवशी तीनदा करतात, कारण तो रोज सापडत नाही. आठवडाभर चढत जाणारा ताप, संध्याकाळचा ताप आणि रात्री घाम, मळात रक्त, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सारख्या उलट्या, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि बेंबीपाशी सुरू झालेलं दुखणं काही तासांत उजवीकडे खाली सरकलं आणि चालताना टोचू लागलं तर रात्र असली तरी रुग्णालयात जा, ते अपेंडिक्स असू शकतं. वजनाचीही एक हद्द ठरवून देते. तुझं मूळ वजन ४७, त्याच्या शेकडा ५ म्हणजे जवळजवळ अडीच किलो. काटा ४४.५ च्या खाली गेला तर बाकी काही नसलं तरी नीट तपासण्या करायच्या.

आणखी एक विचारते, हे तू लिहिलं नाहीस. रात्री झोप लागते का? मैत्रिणींत बसावंसं वाटतं का? घर सुटलं की पोट आवळतं, हे अगदी खरं आहे, मेंदू आणि आतडं यांच्यात नसांची सरळ वाट आहे. पण नुसती घरची आठवण येणाऱ्या मुलीला बऱ्याचदा आईच्या हातचं आठवून भूक लागते. ज्या मुलीला दोन आठवडे कशातच रस नाही, पहाटेच जाग येते, रडू आवरत नाही, तिची भूक मनामुळे गेलेली असू शकते, आणि त्यालाही उपचार आहेत. तसं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांनाही सांग.

आता चिठ्ठी. फोनवर ‘जेवलीस का’ला ‘हो’ म्हणणं मी समजू शकते, खोलीत आणखी तिघी असतात आणि तिकडे बाबा शेजारी. म्हणून चिठ्ठी बरी. तिच्यात क्रम फार महत्त्वाचा आहे. आईला आधी काय नाही ते कळू दे: ताप नाही, उलटी नाही, रक्त नाही, डोळे पिवळे नाहीत. ते वाचलं की तिचा श्वास खाली बसेल आणि पुढचं ती शांतपणे वाचेल. मग काय होतंय, केव्हापासून, आकड्यांत. मग तू काय करते आहेस. मग कोणत्या दिवशी पुढची खबर देशील. आणि शेवटी तिच्यासाठी एक काम. आईला नुसती काळजी दिली तर ती तुला घरी बोलावणार, कारण तिच्या हातात तेवढंच उरतं. हाताला काम दिलं तर ती ते करेल. ‘होय’ म्हणत राहिल्याचंही एका वाक्यात लिहून टाक, पुढे मामाकडून कळण्यापेक्षा ते बरं. मी असा मजकूर लिहिला असता, तू तुमच्या घरच्या बोलीत वळव:

ती. सौ. आईस, शि. सा. न. वि. वि.

आई, आधी हे वाच. मला ताप नाही, उलट्या नाहीत, रक्त पडत नाही, डोळे पिवळे नाहीत. मी रोज कॉलेजला जाते. पण इथे आल्यापासून मला भूक लागत नाही आणि ते मी तुला फोनवर सांगितलं नाही. तू ‘जेवलीस का’ विचारलंस की मी हो म्हणायचे, ते अर्धंच खरं होतं. मी अर्धी पोळी खायचे.

सकाळी संडासला मोठी रांग असते म्हणून मी टाळत राहिले आणि पाणीही कमी प्यायले. त्याने पोट अडलं असावं. पोट फुगतं आणि डावीकडे खाली दुखतं. वजन दोन किलो उतरलंय, ४७ चं ४५. तू मला बघशील तेव्हा चेहरा उतरलेला दिसेल, म्हणून आधीच सांगते.

मी आता साडेसहाला उठते, गरम पाणी पिते आणि रांग लागायच्या आत जाऊन येते. रोज काय होतं ते वहीत लिहिते. बुधवारी डॉक्टरांना दाखवणार आहे, रक्त तपासून घेणार आहे. बुधवारी रात्री आठला मी तुला फोन करीन, जिन्यात बसून, म्हणजे मोकळं बोलता येईल. डॉक्टर जे म्हणतील ते जसंच्या तसं सांगीन. वजन आणखी उतरलं तर लपवणार नाही, तेव्हा तू म्हणशील तर येईन. पण आत्ता लगेच परत ये म्हणू नकोस, माझे प्रॅक्टिकल चालू आहेत.

मामा परत गेला की माझं एक काम कर. एसटीच्या पार्सलने ज्वारीच्या खारोड्या, जवसाची चटणी, कारळाची चटणी आणि काळे मनुके पाठव. लाडू नको, ते मी आता खाऊ शकत नाही. आणि मी लहान असताना माझं पोट अडायचं का, तू काय करायचीस, ते आठवत असेल तर सांग, डॉक्टर विचारतील.

बाबांना तू तुझ्या पद्धतीने सांग. आजीला काही सांगू नकोस.

तुझी लाडकी

यातला बुधवार तुझ्या डॉक्टरांच्या वेळेप्रमाणे बदल, पण वार लिहायला विसरू नकोस. ‘लवकरच’ लिहिलंस तर आई त्या रात्रीपासूनच फोनपाशी बसेल. लहानपणीचा प्रश्न मी उगीच घातलेला नाही. काही जणांना हा त्रास बालपणापासून थोडा थोडा असतो, डॉक्टरांना ते कळलं तर औषध किती काळ द्यायचं हे ठरवणं सोपं जातं, आणि ते फक्त आईलाच ठाऊक असतं.

रविवारी मामा येण्याआधी, सकाळी पोट साफ करून, काही खाण्यापूर्वी वजन करून घे. आधी ज्या काट्यावर ४५ आलं होतं त्याच काट्यावर. दोन काट्यांत किलोभराचा फरक सहज असतो आणि चुकीच्या आकड्याने तू आणि आई दोघीही उगाच घाबराल. जो आकडा येईल तो चिठ्ठीत घाल, आणि डॉक्टरांकडे जाताना वहीचं पान बरोबर ने.